प्रतिसाद : नाव नसलेली चाल आणि ओवीचा चौथा चरण

> चाल मनात घोळते, पण नाव आठवत नाही. हे चार ओळींत कसे मांडावे?

माझ्या मते यासाठी ओवीच घ्यावी, कारण तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा, आखूड व यमकाविना, कानाला अपुरा वाटतो. आमच्याकडच्या कापूसवेचणीवर रचून पाहिले :

कपाशीच्या ओळीकाठी
चाल एक आली ओठी
नाव तिचे नाही गाठी
तरी राहे

पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी 8 अक्षरे आहेत, शेवटी 4. तेथे ‘तरी राहे पाठी’ असे लिहिले, तर यमक पूर्ण होते आणि जी हुरहूर शब्दांत न सांगता नुसत्या लयीतून जाणवायला हवी, तीच नेमकी मिटते. चालीचे नाव शेवटी उघड करण्याचा मोहही म्हणूनच टाळावा.