मदत हवी आहे: 80जीची पावती कशी द्यायची? देणगीदार रोज फोन करतात

नवा_खजिनदार | 14 मे 2025, रात्री 10.42

आमचा छोटा ट्रस्ट आहे, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. आधीचे खजिनदार वयामुळे थांबले आणि फेब्रुवारीत हे काम माझ्याकडे आलं. एक निवृत्त सर आहेत, त्यांनी मोठी देणगी दिली. मी 40,000 ची पावती फाडली. आता ते म्हणतात, ही चालणार नाही, आयकरातल्या वजावटीसाठी 80जीची पावती द्या. रोज फोन येतो. पावतीवर नेमकं काय लिहायचं, कुणाकडे नमुना असेल तर टाका. घाई आहे.

मंदार_कोथरूड | 14 मे, रात्री 11.05

सोपं आहे. पावतीवर ट्रस्टचा पॅन, 80जीचा नोंदणी क्रमांक आणि देणगीदाराचा पॅन लिहा, शिक्का मारा, सही करा. आमच्या मंडळात वर्षानुवर्षं हेच चालतं. 5,000 च्या वरची पावती असेल तर रेव्हेन्यू स्टॅम्प लावायला विसरू नका.

शुभदा_लेखा | 15 मे, सकाळी 7.20

मंदार, तुम्ही सांगता ती पद्धत जुनी झाली. आर्थिक वर्ष 2021-22 पासून नुसत्या छापील पावतीवर देणगीदाराला वजावट मिळत नाही. ट्रस्टने आयकर पोर्टलवर फॉर्म 10बीडी भरायचा, त्यात प्रत्येक देणगीदाराची नोंद करायची आणि त्यातून तयार होणारं 10बीई हे प्रमाणपत्र त्याला द्यायचं. दोन्हींची मुदत 31 मे. म्हणजे तुमच्या हातात सोळा दिवस आहेत.

पण खजिनदार दादा, तुमच्या प्रश्नात उत्तराला लागणाऱ्या गोष्टीच नाहीत. 40,000 कसे आले, रोख की बँकेतून? कोणत्या तारखांना? ट्रस्टला 80जी मंजूर आहे का, आणि त्या आदेशावर कोणतं वर्ष लिहिलंय?

नवा_खजिनदार | 15 मे, सकाळी 8.01

80जी आहे, कपाटात फ्रेम करून लावलंय. 2009 चं आहे.
पैसे: 21,000 यूपीआयने ट्रस्टच्या खात्यात, 12 जानेवारीला. 5,000 रोख, 26 जानेवारीच्या कार्यक्रमात. आणि दोन स्टीलची कपाटं दिली, त्यांची किंमत त्यांनीच 14,000 सांगितली. सगळं मिळून मी मार्चमध्ये एकच पावती केली.

मंदार_कोथरूड | 15 मे, सकाळी 8.30

2009 चं असेल तर काळजीच नको. जुन्या मंजुरी कायमच्या होत्या.

शुभदा_लेखा | 15 मे, सकाळी 9.12

कायमच्या *होत्या*. 2021 मध्ये सगळ्या जुन्या ट्रस्टना फॉर्म 10ए भरून पुन्हा नोंदणी घ्यावी लागली. त्याची मुदत पुन्हापुन्हा वाढत शेवटी 30 जून 2024 पर्यंत गेली. आधीच्या खजिनदारांनी तो भरला असेल तर ट्रस्टच्या लॉगिनमध्ये फॉर्म 10एसीचा आदेश दिसेल. त्यावरचा क्रमांक आणि तारीख 10बीडीत लागते. फ्रेममधला क्रमांक आता लावू नका.

आदेश नसेलच तर सरांना स्पष्ट सांगा की यंदा वजावट नाही. ते कटू वाटेल, पण खोटी आशा लावण्यापेक्षा बरं. असेल तर पुढचं लिहिते.

रानवारा | 15 मे, सकाळी 11.40

आमच्या देवस्थानात दानपेटी आहे. पेटीत आलेल्या पैशांना कुणाच्या नावाने पावती द्यायची? पेटीत टाकणारे नाव सांगत नाहीत. आणि आम्हाला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो, त्याची मुदत काय?

शुभदा_लेखा | 15 मे, दुपारी 12.15

रानवारा, पेटीतल्या पैशाला नाव नाही, तर 80जीची पावतीही नाही. ते वेगळं जमा दाखवा, पेटी उघडताना दोन विश्वस्तांसमोर मोजा आणि त्यांच्या सह्या घ्या. धर्मादायचा प्रश्न वेगळ्या धाग्यावर विचारा, इथे या दादांचं राहून जाईल.

नवा_खजिनदार | 15 मे, रात्री 9.50

ताई, आदेश सापडला! 2021-22 पासून पाच वर्षं असं आहे. आधीच्या काकांनी भरला होता. आता?

शुभदा_लेखा | 15 मे, रात्री 10.35

बरं झालं. पाच वर्षं म्हणजे 31 मार्च 2026 ला संपेल. नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी, 30 सप्टेंबर 2025 पर्यंत करावा लागेल. डायरीत आजच लिहून ठेवा.

आता पावती. 40,000 च्या एका पावतीत तीन वेगळ्या जातीच्या देणग्या मिसळल्यात, खरी चूक तिथे आहे. सरांकडून मूळ पावती परत घ्या. फाडून टाकू नका. तिच्यावर आडवं "रद्द" लिहून स्थळप्रतीला जोडा, म्हणजे पावती पुस्तकातले क्रमांक सलग राहतील आणि ऑडिटरला काय झालं ते दिसेल. मग तीन नव्या पावत्या करा. तारीख आजचीच घाला आणि आत लिहा की रक्कम अमुक तारखेला मिळाली, आधीची पावती क्रमांक अमुक रद्द करून ही दिली. मागची तारीख घालू नका.

21,000 च्या पावतीत यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहा. हीच रक्कम वजावटीला चालते. 5,000 रोखीला काहीच नाही, कारण 2,000 च्या वरची रोख देणगी पूर्णच बाद होते. पहिले 2,000 धरायचे आणि 3,000 सोडायचे, असं नाही. कपाटांसाठी "दोन स्टील कपाटं साभार मिळाली" अशी वस्तूची पोच द्या. वस्तुरूप देणगीवर वजावट मिळत नाही, म्हणून तिथे 14,000 चा आकडा घालण्याने सरांचा काही फायदा नाही. हिशेबात कपाटांची किंमत कशी दाखवायची, ते ऑडिटरला विचारा.

किरण_मिरज | 16 मे, सकाळी 6.55

मग 5,000 च्या तीन पावत्या करा की. 2,000, 2,000 आणि 1,000. बऱ्याच संस्था करतात.

शुभदा_लेखा | 16 मे, सकाळी 8.10

एकाच दिवशी एकाच हाताने आलेले 5,000 तीन तारखांना आले असं लिहिणं म्हणजे खोटी पावती. त्याखाली सही खजिनदाराची असते, सल्ला देणाऱ्याची नसते.

किरण_मिरज | 16 मे, सकाळी 8.40

तारीख बदला असं मी म्हटलंच नाही. कुणी खरोखर दर महिन्याला 1,500 रोख दिले तर? कलमात "2,000 पेक्षा जास्त रक्कम" असं आहे, वर्षाची बेरीज असं नाही.

शुभदा_लेखा | 16 मे, सकाळी 9.02

तो मुद्दा रास्त आहे आणि त्यावर जाणकारांतही दोन मतं आहेत. शब्द पाहिले तर प्रत्येक देणगी वेगळी धरता येते, पण मी स्वतः वर्षाची बेरीज 2,000 च्या आत ठेवायला सांगते. या दादांच्या बाबतीत मात्र तो प्रश्नच नाही, पैसे एकदाच आलेत.

मंदार_कोथरूड | 16 मे, सकाळी 9.30

स्टॅम्पचं कुणी बोललंच नाही. 21,000 च्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतोच.

वकील_काका | 16 मे, सकाळी 10.20

लागत नाही. मुद्रांक कायद्यात पावतीच्या नोंदीखाली सूट आहे: मोबदल्याशिवाय दिलेल्या पैशाच्या पावतीला मुद्रांक नाही. देणगी म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेला पैसाच. लावला तर बिघडत नाही, न लावल्याने पावती बाद होत नाही.

डॅलसकर | 16 मे, सकाळी 11.15

मीही तुमच्याच भागातला. अभ्यासिकेला मदत करायला आवडेल. पुण्यातल्या माझ्या बचत खात्यातून रुपयांत पाठवले तर चालेल ना? मी आता अमेरिकन नागरिक आहे.

शुभदा_लेखा | 16 मे, दुपारी 12.05

दादा, भावना मोठी आहे, पण थांबा. नागरिकत्व बदललं की तुमचा पैसा विदेशी देणगी ठरतो, मग तो रुपयांत असो की पुण्याच्या खात्यातून. विदेशी देणगीच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी नसलेल्या ट्रस्टने तो घेऊ नये. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाच्या स्वतःच्या पैशाला ही अडचण नाही. खजिनदार दादा, पावती पुस्तकाच्या पहिल्या पानावर "नागरिकत्व विचारा" असं लिहून ठेवा.

नवा_खजिनदार | 17 मे, रात्री 8.15

ताई, सरांना सांगितलं. ते नाराज झाले, पण ऐकून घेतलं. म्हणाले, निदान 21,000 तरी करातून वाचतील. बरोबर ना? आणि प्रमाणपत्र पत्नीच्या नावावर करा म्हणतात, त्यांचं उत्पन्न जास्त आहे.

शुभदा_लेखा | 17 मे, रात्री 9.40

दोन्ही नाही. पैसा ज्याच्या खात्यातून आला, प्रमाणपत्र त्याच्याच नावाचं आणि त्याच्याच पॅनचं.

आता 21,000 चं. आधी विचारा, सर कोणत्या करपद्धतीत विवरणपत्र भरतात? नव्या पद्धतीत 80जी मिळतच नाही, आणि 2023-24 पासून आपण काही निवडलं नाही तर नवीच लागू होते. सर जुन्यात असतील तरच पुढचं वाचा.

समजा त्यांचं एकूण उत्पन्न 9,00,000 आहे. त्यातून 80सीखालच्या बचतीचे 1,50,000 आणि आरोग्य विम्याचे 25,000 वजा केले की 7,25,000 उरतात. तुमच्यासारख्या ट्रस्टच्या देणग्या याच्या 10 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 72,500 पर्यंत धरल्या जातात. सरांचे 21,000 त्यात बसतात. पण वजावट त्याच्या निम्मी, 10,500. ती उत्पन्नातून वजा होते, करातून नाही. ते 20 टक्क्यांच्या टप्प्यात आहेत, म्हणून कर 2,100 नी कमी होईल, उपकर धरून 2,184.

21,000 वाचतील असं समजून बसलेल्या माणसाला जूनमध्ये 2,184 दिसले की तो ट्रस्टवर चिडतो. म्हणून हे देणगी घेतानाच सांगायचं.

नवा_खजिनदार | 17 मे, रात्री 10.10

मला स्वतःला हे माहीत नव्हतं. सर जुन्याच पद्धतीत आहेत, विचारलं. 10बीडी भरायला बसलो, पण ओटीपी जुन्या काकांच्या मोबाइलवर जातोय.

शुभदा_लेखा | 17 मे, रात्री 10.30

हे बहुतेक सगळ्या छोट्या ट्रस्टांत होतं. एकदाच काकांकडून ओटीपी घेऊन लॉगिन करा आणि प्रोफाइलमध्ये मुख्य संपर्क बदला. सही करणारा विश्वस्त बदलला असेल तर तेही करा. मग `e-File → Income Tax Forms → File Income Tax Forms` मध्ये 10बीडी उघडा, तिथलाच एक्सेल नमुना उतरवा आणि भरून त्याची सीएसव्ही चढवा. सरांच्या तीन ओळी होतील: बँक, रोख, वस्तू. रोख आणि वस्तू वजावटीला चालत नाहीत म्हणून गाळू नका, नमुन्यात त्यांचेही पर्याय आहेत. पॅन त्यांच्या पॅनकार्डावरून उतरवा, तोंडी सांगितलेला नको. एक अक्षर चुकलं तर देणगी दुसऱ्याच्या नावावर जाते. अशी चूक दिसली तर दुरुस्तीचं विवरण भरता येतं.

31 मे चुकवलात तर दिवसाला 200 रुपये शुल्क आहे.

नवा_खजिनदार | 24 मे, दुपारी 4.25

काल भरलं. आज 10बीई उतरवता आलं. एकूण 37 देणगीदार. सरांचं प्रमाणपत्र छापून घरी नेऊन दिलं, त्यांनी चहा पाजला आणि पुढच्या वर्षी सगळं बँकेतून देतो म्हणाले.

एक अडलंय. एका डॉक्टरांनी 31 मार्चला 10,000 चा चेक हातात दिला, तो 3 एप्रिलला वटला. मी त्यांना यंदाच्या यादीत घातलं नाही. ते म्हणतात, दिला त्या दिवशीच दिला.

वकील_काका | 24 मे, सायंकाळी 5.10

चेक वटला तर तो दिल्याच्या दिवशीच रक्कम दिली असं धरतात. डॉक्टर बरोबर आहेत.

शुभदा_लेखा | 24 मे, सायंकाळी 6.30

काका, कायद्याने मान्य. पण ट्रस्टचे हिशेब रोखीच्या पद्धतीने असतील तर त्यांच्या कीर्दीत ती जमा एप्रिलची आहे. दोन वर्षांत दोन वेगळे आकडे दिसले तर उत्तर देत बसावं लागेल. दादा, कीर्दीत नोंद कोणत्या तारखेची आहे आणि पावतीवर कोणती तारीख घातलीत?

नवा_खजिनदार | 24 मे, सायंकाळी 7.02

पावतीवर 31 मार्च. कीर्दीत 3 एप्रिल. सोमवारी ऑडिटरकडे दोन्ही घेऊन जातो, मुदतीआधी सात दिवस आहेत.