मदत हवी आहे: रोहिणीचं दुसरं चरण की तिसरं?

परभणीकर: पुतणीचं बारसं रविवारी आहे. मोबाइलवरच्या पत्रिकेत चंद्र वृषभेत १६ अंश ३६ कला, म्हणजे रोहिणी दुसरं चरण, अक्षर 'वा'. गुरुजींच्या संगणकावर १६ अंश ४२ कला, तिसरं चरण, अक्षर 'वी'. वेळ दोन्हीकडं सकाळी ९:४० च घातलीय. चरणानं स्वभावात खरंच फरक पडतो का?

मांजराकाठ: एका ठिकाणी जन्मगाव मुंबई राहिलं असंल, परभणी टाकून बघा. पहिलं चरण मेष नवमांश, दुसरं वृषभ, तिसरं मिथुन, चौथं कर्क, हे तर सगळ्याच नक्षत्रांना ठरलेलं.

गोदाकाठ: वेळ तीच ठेवून गाव बदललं तर लग्न सरकतं, चंद्राचे अंश नाही. हा ६ कलांचा फरक अयनांशाचा दिसतोय. मोबाइलवर लाहिरी असेल, गुरुजींकडं कृष्णमूर्ती. दोन्हीकडं लाहिरी लावून बघा. दाते पंचांगही चित्रापक्षाचंच आहे, त्यामुळं त्याच्याशी मेळ बसेल.

मांजराकाठ, तुमचा क्रम रोहिणीला लागू आहे, सगळ्यांना नाही. भरणीचं पहिलं चरण सिंह नवमांशात, कृत्तिकेचं धनूत. तत्त्व मात्र कायम राहतं: पहिलं अग्नी, दुसरं पृथ्वी, तिसरं वायू, चौथं जल.

आता स्वभाव. दुसऱ्या चरणात चंद्र राशीतही वृषभ, नवमांशातही वृषभ, म्हणजे वर्गोत्तम. अशी पोर आपलं माणूस, आपली वस्तू, आपली जागा घट्ट धरते. सवय मोडली की अडून बसते. तिसऱ्यात तीच रोहिणीची ओढ बुधाच्या घरातून बाहेर पडते: बोलणं, विचारणं, नकला करणं. पण नवमांशाचा स्वामी पत्रिकेत कसा आहे, ते बघितल्याशिवाय एवढंही ठामपणे सांगू नये. दुसऱ्यासाठी शुक्र बघा, तिसऱ्यासाठी बुध. बुध बिघडलेला असेल तर तिसऱ्या चरणाची पोर बोलकी होण्याऐवजी चंचल, बेचैन होऊ शकते.

सेलूकर: माझा भाचा मूळ नक्षत्राच्या चौथ्या चरणाचा आहे, शांती करावी लागंल का?

गोदाकाठ: मुळाचं चौथं चरण शुभ मानतात. तरी शांतीचं घरच्या गुरुजींना विचारा, तो विषय इथला नाही.

परभणीकर: दोन्हीकडं लाहिरी लावलं. आता दोन्हीकडं १६ अंश ३६ कला, दुसरं चरण. मग 'वा' पक्कं ना?

गोदाकाठ: सीमा १६ अंश ४० कलांवर आहे, म्हणजे ४ कला राहिल्या. चंद्र तासाला साधारण ३३ कला चालतो. जन्म ९:४० ऐवजी ९:४८ ला असेल तर तिसरं चरण लागलंच. दशेत तेवढ्यानं २०-२२ दिवसांचाच फरक पडेल, पण नवमांश बदलेल. ९:४० ही वेळ कुणी लिहिली, घड्याळात बघून की अंदाजे?

परभणीकर: नर्सबाईंनी कागदावर लिहिलेली आहे. वहिनी म्हणायल्यात, पावणेदहा वाजून गेले होते.

गोदाकाठ: मग दवाखान्याच्या प्रसूती रजिस्टरमधली वेळ काढून आणा. ती मिळेपर्यंत नवमांशावरून स्वभाव सांगू नका. बारसं थांबवायचं कारण नाही, 'वा' काय, 'वी' काय, रास वृषभच राहते.