मदत हवी आहे: निऑनच्या 2p चं एक शिखर की दोन?

अकरावीला फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी शिकवतेय. निऑनचा आलेख फळ्यावर काढला: साधारण 870, 48.5 आणि 21.6 इलेक्ट्रॉन व्होल्टला तीन शिखरं, उंची 2:2:6. दुसऱ्या कक्षेतले आठही इलेक्ट्रॉन सारखेच असते तर तिथे एकच शिखर आलं असतं, म्हणून 2s आणि 2p वेगळे, इथपर्यंत मुलांना पटलं.

‘एक इलेक्ट्रॉन निघाला की पुढचा काढायला जास्त ऊर्जा लागते, मग 2p ची सहा शिखरं का नाहीत?’ हेही विचारून झालं. प्रत्येक अणूतून एकच इलेक्ट्रॉन निघतो, आपण असंख्य अणूंची बेरीज पाहतो, हे उत्तर चाललं.

अडलं पुढे. एकाने बारकाईने मोजलेला खरा आलेख आणला. त्यात 2p च्या जागी 21.56 आणि 21.66 ला दोन शिखरं, पहिलं जवळपास दुप्पट उंच! हे स्पिन-ऑर्बिट जोडणीमुळे होतं, आणि फट उरलेल्या आयनच्या दोन अवस्थांमधली आहे, हे मला माहीत आहे. पण मुलांना क्वांटम अंक नुकतेच कळलेत.

‘एक शिखर म्हणजे एक उपकक्षा’ हे वाक्य खोटं न ठरवता, 0.1 ची फट उपकक्षेचा पुरावा नाही पण 27 ची आहे, हे त्यांना कसं सांगाल?