चर्चा: १९१२ च्या नाशिकची एकांकिका, त्यातले पैशांचे उल्लेख आजच्या प्रेक्षकाला कळणार नाहीत. ठेवायचे की काढायचे?

तिसरीघंटा
आमच्या हौशी संघाची एकांकिका आहे. काळ फेब्रुवारी १९१२, जागा नाशिकचा सराफ बाजार. सराफाकडे चांदीच्या तोड्यांवर २५ रुपये कर्ज घेतलेली बाई सात महिन्यांनी तोडे सोडवायला येते. व्याज ठरलं आहे "दरमहा दर रुपयास एक पैसा". ती एक नवा रुपया पुढे करते, सराफ तो परत ढकलतो आणि म्हणतो, "राजाच्या अंगावरचं जनावर बघितलंत का?" मध्ये १८९७ च्या प्लेगातला एक पूर्वप्रसंग आहे, त्यात बाप मुलाच्या हातावर एक आणा ठेवतो. वाचनाला बसलेल्या वीस-पंचवीस वयाच्या कुणालाही यातलं काही कळलं नाही. दिग्दर्शक म्हणतात काढून टाका. तुमचं मत सांगा, कारणासकट.

विंगेतून
दिग्दर्शकांचं बरोबर आहे. रुपयाचं नाणं जेमतेम तीन सेंटिमीटरचं. कालिदास कलामंदिरातल्या मागच्या रांगेतून ते दिसणारच नाही, मग त्यावरच्या राजाच्या अंगावरचं जनावर कोण बघणार? जे दिसत नाही आणि ऐकून कळत नाही, ते संहितेत लेखकाच्या समाधानापुरतं उरतं. एकांकिकेला वेळेची मर्यादा असते. बाईची अडचण आणि सराफाचा आडमुठेपणा पोचला की काम झालं. १९१२ दाखवायला नेपथ्य आणि वेशभूषा आहेच.

रोजकीर्द
मी ठामपणे उलट म्हणेन. नेपथ्याने फक्त जुना काळ दिसतो. तो इंग्रजी अमलाचा काळ आहे हे पैशातून कळतं, कारण राज्यकर्ता सामान्य माणसाच्या हातात रोज नाण्यावरूनच येत होता. त्या वर्षी गल्ल्यात तीन चेहरे एकत्र असणार: राणीछाप, मग बोडक्या डोक्याचा सातवा एडवर्ड, आणि नुकताच आलेला पाचवा जॉर्ज. एडवर्डच्या रुपयावर मुकुट नाही, जॉर्जच्या डोक्यावर आहे. सराफाने नाणी वेगळी करताना "राणी, बोडका, नवा" एवढं पुटपुटलं तरी तीन राजवटी समोर येतात.

व्याजाची ओळ तर काढूच नका, नाटकाचा पेच तिथेच आहे. आजचा प्रेक्षक "रुपयाला एक पैसा" ऐकतो आणि मनात शंभरात एक धरतो. २५ रुपये, सात महिने, म्हणजे १७५ पैसे, म्हणजे पावणेदोन रुपये. बरं वाटतं. पण त्या रुपयाचे पैसे चौसष्ट. १७५ मधून दोन रुपयांचे १२८ गेले, उरले ४७. चार पैशांचा आणा, म्हणून अकरा आणे आणि वर तीन पैसे. देणं होतं दोन रुपये अकरा आणे तीन पैसे. प्रेक्षकाच्या अंदाजापेक्षा जवळपास रुपयाने जास्त. वर्षाचा दर काढला तर पावणेएकोणीस टक्के पडतो. बाई का हबकते ते प्रेक्षकाला कळलं नाही, तर ती उगाच रडतेय असं वाटेल.

पंचवटीकर
चौसष्ट कसे? आण्याचे सहा पैसे असतात. आमच्याकडे जुनी माणसं चार आणे म्हणजे पंचवीस पैसे असंच सांगत. १७५ ला सहाने भागा, एकोणतीस आणे आणि एक पैसा येतो, म्हणजे एक रुपया तेरा आणे एक पैसा. उल्लेख ठेवावेत हे मात्र मान्य. चवली-पावली-अधेली हे शब्द तरी मुलांच्या कानावर पडतील.

रोजकीर्द
पंचवटीकर, चार आण्यांचे पंचवीस खरे, पण ते १ एप्रिल १९५७ नंतरचे नवे पैसे. तेव्हा रुपयाचे शंभर भाग झाले, एका आण्याला सव्वासहा नवे पैसे पडले आणि सुट्या आण्याला लोक सहा धरू लागले. म्हणून तो हिशोब सोळा आण्यांना नेला की शहाण्णववरच थांबतो. १९१२ ला रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. चवली दोन आण्यांची, पावली चारची, अधेली आठची, हे तुमचं बरोबर.

लेखकासाठी आणखी एक. सराफ वही पुढे करत असेल, तर रुपये-आणे-पै अशा मांडणीत ही रक्कम २-११-९ लिहायची, २-११-३ नाही. तिसरं घर पैचं असतं, पैशाचं नाही. प्रॉपची वही करणारे हमखास इथेच चुकतात. जुन्या वळणाने लिहायचं असेल तर दोनच्या आकड्यापुढे आठ आण्यांच्या दोन उभ्या रेघा आणि उरलेल्या तीन आण्यांच्या तीन आडव्या. पहिल्या रांगेत कुणी जाणता बसला असेल तर त्याला ते ओळखता येईल.

विंगेतून
हिशोब पटला. पण तो तुम्ही इथे अख्खा परिच्छेद घालून समजावलात, रंगमंचावर कसा समजावणार? सराफाने बाईला "रुपयाचे चौसष्ट पैसे बरं का" सांगायचं? तिला ते जन्मापासून ठाऊक आहे. दोन पात्रांनी एकमेकांना आधीच ठाऊक असलेली गोष्ट सांगायला लागली की नाटक तिथेच पडतं.

रोजकीर्द
सांगायचं नाही, मोजायचं. बाईने पदराची गाठ सोडून पावणेदोन रुपये काढावेत: एक रुपया, एक अधेली, एक पावली. तेवढंच होईल असं कुणीतरी तिला चुकीचं सांगितलं आहे, एवढं कारण पुरे. सराफाने चार-चार पैशांच्या ढिगाऱ्या लावत आणे मोजावेत, सोळा ढिगाऱ्यांना एक रुपया बाजूला सरकवावा. प्रेक्षक ढिगारी चारची आहे हे बघतो आणि सोळा मोठ्याने ऐकतो, बाकी त्याचं तो करतो. मिनिटभराचं काम आहे.

अडगळीचा_पेटारा
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आजोबांच्या पेटाऱ्यात १९११ सालचा जॉर्जचा रुपया निघाला आहे. हाच तो डुकराचा का? किती किंमत येईल? घासून चकचकीत करू का?

नाणेवेडी
घासू नका, चकाकी आणलेल्या नाण्याला संग्राहक कमी पैसे देतात. किमतीचं प्रत्यक्ष बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. १९११ साल असेल तर बहुधा तोच. राजाच्या झग्यावर, गळ्यातल्या मानचिन्हांच्या साखळीत एक छोटा हत्ती आहे. पहिल्या साच्यात त्याची सोंड इतकी आखूड पडली की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाल्यावर सरकारने ते रुपये थांबवले, बरेचसे वितळवले आणि १९१२ पासून स्पष्ट सोंडेचा हत्ती कोरला. भिंगातून सोंड बघा. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवं, म्हणजे बरोबर एक तोळा. झिजेने थोडं कमी चालेल. ग्रॅमभर कमी असेल तर खोटा समजा.

तिसरीघंटा, तुमचा प्रसंग फेब्रुवारी १९१२ मध्ये चपखल बसतो, दोन वर्षं पुढे नेलात तर बसणार नाही. पण सराफ नाणं का नाकारतो ते संहितेत ठरवा. तो धर्मभावनेने नाकारतोय, की सरकार हे नाणं परत घेणार या बोलवेवर बट्टा मारायला बघतोय? नाणं कायदेशीर चलन होतं, खजिन्यात सोळा आण्यांनाच जात होतं. पंधरा आण्यांना घेऊन सोळाला भरणारा सराफ हे फार वेगळं पात्र झालं.

आणि १८९७ चा आणा काढाच, तिथे मी दिग्दर्शकांच्या बाजूने आहे. एक आण्याचं नाणं तेव्हा नव्हतंच. कातरलेल्या कडेचा निकेलमिश्रित आणा एडवर्डच्या काळात, १९०७ पासून आला. त्याआधी आणा हिशोबात होता, हातात नव्हता. बापाने तांब्याचे चार पैसे मुलाच्या तळहातावर एकेक करून ठेवावेत. प्लेगातल्या घरात ते जास्त बोलकं होईल.

विंगेतून
चार पैसे एकेक करून, हे मान्य. तिथेच आण्याचे चार हेही प्रेक्षकाला कळतं, मग पुढची ढिगारी उलगडते. पण हत्ती-डुक्कर अजूनही शेवटच्या रांगेत पोचत नाही. शिवाय डुक्कर हा शब्द सराफाच्या तोंडी, बाजारात, कोणत्या गिऱ्हाइकासमोर येतो याचाही विचार करा. अफवेने दोन्ही समाज दुखावले होते. ती ओळ हलक्या हाताने लिहिली तर हशा येईल आणि प्रसंग हातचा जाईल.

रोजकीर्द
दिसत नसलं तरी ऐकू जातं. सराफ नाणं आधी वाजवून बघतो. चांदीचा रुपया दगडावर टाकला की लांब, स्वच्छ नाद देतो, तो शेवटच्या रांगेत जातो. प्रॉपसाठी ॲल्युमिनियमची नाणी आणू नका, ती टपकन आवाज करून गप्प बसतात. जॉर्जचा एखादा जुना झिजलेला रुपया सराफाकडे मिळतो, पण तो १९४० च्या आधीचा घ्या, नंतर चांदी निम्म्यावर आली. ठोकळा दगडाचाच ठेवा, खाली सतरंजी नको. नाणं सपाट न टाकता कडेवर पडू द्या. नाद खणखणीत येतो, म्हणजे रुपया खरा आहे हे प्रेक्षकाने ऐकलं, आणि तरीही सराफ तो परत ढकलतो. का, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. मग डुक्कर शब्द उच्चारायचीही गरज नाही, "हत्तीची सोंड कुठे गेली?" एवढं पुरे.

विंगेतून
ही ओळ मी घेईन. पण ज्याला १९११ ची भानगड माहीत नाही तो सोंडेवरून काय समजणार, हा माझा आक्षेप कायम आहे. माहितीपत्रकात दोन ओळी छापा म्हणाल, तर स्पर्धेत परीक्षकांशिवाय ते कुणाच्या हाती पडत नाही.

नाणेवेडी
सगळ्यांना सगळं कळायलाच हवं का? नाणं खरं असून चालत नाही, एवढं कळलं की बाईचा कोंडमारा कळला. उरलेलं ज्याला हवं तो शोधेल. अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत जुनी नाणी मांडलेली आहेत, नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्यावरच आहे. प्रॉप करणाऱ्यालाही आधी तिथे पाठवा.

तिसरीघंटा
१८९७ मध्ये चार पैसे, वहीत २-११-९ आणि चार-चारच्या ढिगाऱ्या, एवढं आज संहितेत घेतलं. सराफ बट्टा मारणारा केला, नवा रुपया पंधरा आण्यांना मागतो. त्यामुळे एक नवा प्रश्न आला आहे: बाईकडचा रुपया त्याने पंधराला धरला, तर ढिगाऱ्या मोजून झाल्यावर एक आणा आणखी तुटतो. तो तिने मोजणी चालू असताना ओळखायचा, की सगळं संपल्यावर? दिग्दर्शक म्हणतात संपल्यावर, मला मध्येच हवा आहे. रविवारच्या तालमीत दोन्ही करून बघतो.

पंचवटीकर
मध्येच. चौसष्टचा हिशोब तिला येतो हे तेव्हाच दिसेल.