बिलाचा फोटो आणि खाली ‘हे मार्गी लाव’: वहीत लिहायचं की वाटून टाकायचं?

हळदगल्ली
सांगलीत आमचं भागीदारीत दुकान आहे, हिशोब मी बघतो. मित्रांच्या ग्रुपचा खजिनदारही मीच. रविवारी रात्री भागीदाराने जेवणाच्या बिलाचा फोटो पाठवला, २,९४० रुपये, खाली फक्त ‘हे मार्गी लाव’. सहा थाळ्या दिसल्या, म्हणून ४९० प्रत्येकी असं ग्रुपवर टाकलं. तर तो भडकला, त्याला म्हणे दुकानाच्या खर्चात नोंद हवी होती. नीट लिहायला नको का माणसाने? चूक कोणाची?

वहीवाला_मिरज
चूक तुमचीच, आणि तुम्ही ती त्याच्या गळ्यात मारताय म्हणून एवढं लिहायला बसलोय. पंचवीस वर्षं लोकांच्या वह्या लिहितोय. चुरगळलेलं बिल टेबलावर टाकून ‘बघा जरा’ म्हणत निघून जाणारी माणसं मला रोज भेटतात. त्यांना बोलता येत नाही म्हणून त्यांच्या मनातलं आपण ठरवायचं, असं होत नाही.

आता तुमच्या हातात काय होतं ते बघा. नोंद करायला तारीख, रक्कम आणि पैसे कोणी दिले एवढं लागतं. यातलं पहिलं दुसरं बिलावर छापलेलं असतं आणि तिसरं एका प्रश्नात कळतं. वाटणीला मात्र नावं लागतात, आणि नावं कुठल्याच हॉटेलच्या बिलावर नसतात. तुम्ही थाळ्या मोजल्या आणि माणसं धरलीत.

दुसरं म्हणजे नोंद चुकली तर तुम्ही गुपचूप खोडता, कोणाला पत्ता लागत नाही. वाटणी चुकली तर सहा फोनवर पैशाची मागणी गेलेली असते, ती कशी खोडणार? म्हणून शंका असेल तिथे आधी नोंद करायची आणि मग विचारायचं, ‘कोणाच्यात आणि किती जणांत?’ चार शब्दांचं काम होतं.

सातारी_तिखट
वाचून बरं वाटलं, पण हे पुरुषांच्या दुकानापुरतं झालं. आमच्या भिशीतल्या बाया महाबळेश्वरला गेलो होतो. एक वहिनी प्रत्येक ठिकाणी बिल द्यायच्या आणि फोटो मला पाठवायच्या, खाली ‘बघ गं हे’. मी तुमच्यासारखी शहाणी, सगळं वहीत लिहून ठेवलं आणि गप्प बसले. तीन महिन्यांनी कळलं, बाई सगळ्यांवर रुसल्यात. १,८०० रुपये त्यांचे अडकलेले! त्यांना चारचौघींत पैसे मागायची लाज वाटत होती, म्हणून फोटो माझ्याकडे पाठवायच्या, मी मागावेत म्हणून. नुसती नोंद केली की कोणाचं नुकसान होत नाही, हे कोणी सांगितलं?

वहीवाला_मिरज
मी ‘नोंद करा आणि गप्प बसा’ असं लिहिलंय का? ‘मग विचारायचं’ हे अर्धं वाक्य तुम्ही वाचलंच नाही, ताई.

सातारी_तिखट
वाचलं. पण ज्या बाईला मागायचीच लाज, ती ‘वाटू का?’ विचारल्यावर ‘राहू दे गं’ म्हणते आणि मग रुसते. तुमच्या गिऱ्हाइकांचं मन मोकळं असेल, आमच्याकडे तसं नसतं.

घासफूस
चूक कोणाची ते नंतर बघू. आधी मला सांगा, ४९० प्रत्येकी कसं काय? त्या सहांत कोणी शाकाहारी नव्हतं का? दहा वर्षं मी मित्रांच्या मटणाचे पैसे भरतोय. ‘समान वाटू, हिशोब सोपा’ म्हणणारा कायम मटण खाणाराच असतो. बिल टाका इथं.

हळदगल्ली
पेठ नाक्याजवळचं आहे. मटण थाळी ३, प्रत्येकी ४५०. अख्खा मसूर थाळी ३, प्रत्येकी २८०. ताक, पापड, बाटल्या, जादा भाकरी मिळून ६१०. एकूण २,८००, त्यावर जीएसटी १४०.

घासफूस
बघा! ६१० चे सहा भाग, म्हणजे १०१.६७. मसूरवाल्याचे २८० मिळवले की ३८१.६७. वर १४० चा सहावा भाग २३.३३. झाले ४०५. मटणवाल्याचे ५७५. तुम्ही मसूर खाणाऱ्याच्या खिशातून ८५ रुपये काढून दुसऱ्याच्या रश्श्यात ओतलेत.

गल्ल्यावर_बसतो
मी हॉटेलात बिलं काढतो, तेव्हा थोडं बोलतो. टॅक्स समान वाटलात तिथं तुम्ही पण चुकलात. पाच टक्के हा ज्याने जेवढं खाल्लं त्याच्या रकमेवर बसतो, डोक्यावर नाही. ३८१.६७ वर पाच टक्के धरले की ४००.७५ होतात आणि मटणवाल्याचे ५७९.२५. तीन-तीन वेळा मिळवा, बरोबर २,९४० येतात.

आणि थाळ्यांवरून माणसं मोजू नका. काल एका टेबलावर चार थाळ्या होत्या आणि सात माणसं, त्यातली दोन लहान पोरं आणि एक आजोबा, जे नुसतं ताक प्यायले. उलटंही असतं, एकच माणूस दोन थाळ्या मागवतो, एक घरी बांधून न्यायला.

घासफूस
म्हणजे मला अजून सव्वाचार रुपये जास्त पडत होते! दहा वर्षांचा हिशोब आता परत काढावा लागणार.

सातारी_तिखट
सव्वाचार रुपयांसाठी मित्राला आकडेमोड पाठवणारा माणूस एकटाच जेवतो शेवटी.

घासफूस
तुमच्या वहिनी १,८०० साठी तीन महिने रुसल्या ते चालतं, आम्ही चार रुपये नुसते मोजले तर कंजूष?

कुपवाड_एमआयडीसी
सगळे भलतीकडेच चाललेत. दुकानाचा खर्च आहे ना, मग बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर टाकून घ्यायचा. १४० रुपये क्रेडिट मिळतं. नंबर असला की दुकानाचा खर्च, नसला की मित्रांचं जेवण. सोपी ओळख आहे.

वहीवाला_मिरज
अर्धं बरोबर आहे. बिलावर दुकानाचं नाव आणि नंबर असेल तर पाठवणाऱ्याच्या मनात धंदा होता, ही खूण चांगलीच. पण नसला म्हणजे मित्रांचं, हे खोटं. निम्मे दुकानदार हॉटेलात नंबर सांगायलाच विसरतात. आणि क्रेडिटचं विसरा. जेवणाखाणाच्या बिलाचं क्रेडिट कायद्याने अडवलेलं आहे, कलम १७(५). तुमच्या सीएने आजवर घेतलं असेल तर त्याला आजच फोन करा.

कुपवाड_एमआयडीसी
आमचा सीए बघतो ते सगळं. तुम्ही तुमचं बघा.
(फोन केलाय. घेत नाही.)

हळदगल्ली
मूळ मुद्द्यावर येता का जरा? माझं पण चुकलं, हे मान्य करायला मला काल रात्रीच लावलंय. ग्रुपवरच्या एकाने उत्तर दिलं, ‘मी रविवारी सासऱ्यांच्या तेराव्याला होतो, माझे ४९० कशाचे?’ तो गेलाच नव्हता. मी आपली नेहमीची सहा नावं धरली होती.

पण भागीदार म्हणतो ते तरी खरं का? त्याने आत्ता सांगितलं की सोबत आपले दोन शेतकरी होते, हळद घालतात ते. बाकी तिघं याचेच मित्र. मग सगळं दुकानाच्या खर्चात कसं?

वहीवाला_मिरज
आता कुठे धागा कामाचा झाला. एकच सांगा, पैसे कुठल्या खात्यातून गेले? बिलाच्या तळाला कार्ड, कॅश की यूपीआय असं छापलेलं असतं.

हळदगल्ली
फोटोत तिथे त्याचा अंगठा आलाय. पण दुकानाच्या खात्याचं स्टेटमेंट काढलं. रविवारी ९.४२ ला २,९४० गेलेत. दुकानाचेच.

वहीवाला_मिरज
मग तुमची नोंद की वाटणी ही भांडाभांडीच संपली, दोन्ही करायचं आहे. समजा शेतकरी दोघं मटणवाले होते. त्यांचे ५७९.२५ दुणे ११५८.५० दुकानाच्या खर्चात, पाहुणचार म्हणून. भागीदाराचं स्वतःचं जेवण कुठं टाकायचं ते तुम्ही दोघं ठरवा, गिऱ्हाइकासोबत जेवला म्हणून खर्चातही चालेल. पण तिघा मित्रांचे जे होतात ते दुकानाचं येणं आहे. ते मित्रांनी दुकानाच्या खात्यात भरायचे. याला मागायचे नसतील, त्याचीच पार्टी असेल, तर तेवढे त्याच्या नावावर उचल म्हणून लिहायचे.

सगळे २,९४० खर्चात टाकलेत आणि उद्या एखाद्याने त्याचे पैसे दुकानात भरले, तर तुम्हाला ते उत्पन्न वाटतील. खर्चही फुगतो आणि जमाही फुगते. असल्या वह्या दर मार्चला माझ्याकडे येतात, आणि मग भागीदार माझ्या टेबलावर भांडतात.

गल्ल्यावर_बसतो
बाकी सगळं मान्य, पण भागीदाराच्या नावावर उचल लिहिताना त्याला सांगून लिहा. आमच्या मालकाच्या धाकट्या भावाने वर्षाच्या शेवटी उचलीचा आकडा बघितला आणि त्यानंतर त्या घरात गणपती दोन ठिकाणी बसायला लागला.

सातारी_तिखट
हेच मी कधीची सांगतेय. हिशोब बरोबर असून भागत नाही.

वहीवाला_मिरज
ताई, तुम्ही हे कधीच सांगितलं नाही, तुम्ही वहिनींची गोष्ट सांगितलीत. पण बरं, एवढं देतो तुम्हाला: खासगीत आलेला फोटो म्हणजे नोंदच, असं मी मनात धरून चाललो होतो. तुमच्या वहिनींनी ते मोडलं. खुश?

सातारी_तिखट
खुश कशाची. १,८०० मीच भरलेत शेवटी.

घासफूस
माझ्या ८९.२५ चं काय ठरलं?

हळदगल्ली
तुम्ही तिथे जेवलातच कुठे, मर्दा!

असो. ग्रुपवर माफी टाकली, ४९० चा मेसेज काढला. तो काढायच्या आधीच दोघांनी पैसे पाठवले होते, ते परत करतोय. त्यातला एक म्हणतो, राहू दे, पुढच्या वेळी वळते कर. आता ते कुठल्या खात्यात लिहू? भागीदाराला विचारलंय, त्या तिघांपैकी कोणी काय खाल्लं, आणि पार्टी तुझी होती का. तासभर निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही. आत्ता फोन वाजला, बघितलं तर नवा फोटो. डिझेलची पावती, ३,००० ची, अर्धी कापलेली. खाली लिहिलंय, ‘हे पण’.