मदत हवी आहे: 'वन ऑफ द' नंतर इज की आर?

नमस्कार. काल ऑफिसच्या मेलमध्ये मी 'वन ऑफ द इन्व्हॉइसेस आर मिसिंग' असं लिहिलं. साहेबांनी 'आर'चं 'इज' केलं. ते पटलं, कारण मराठीतही आपण 'बिलांपैकी एक सापडत नाही' म्हणतो. कर्ता 'एक' आहे, शेजारचं अनेकवचन नाही. त्याच हिशेबाने 'ईच ऑफ द व्हेंडर्स हॅज रिप्लाइड' आणि 'नीदर ऑफ द डेट्स सूट्स मी' हेही जमलं.

अडलंय ते पुढच्या वाक्यात: 'ही इज वन ऑफ द व्हेंडर्स हू सेंड बिल्स लेट.' इथे 'सेंड' की 'सेंड्स'? बिलं उशिरा पाठवणारे अनेक आहेत आणि हा त्यांतला एक, म्हणजे 'हू' व्हेंडर्सकडे जातं, असं समजून मी 'सेंड' ठेवलंय. बरोबर आहे का? मेल उद्या सकाळी पाठवायचाय.