मदत हवी आहे: बेळगाव-चोर्ला-आंबोली, 3 दिवस, रूट फायनल करून द्या

शहापूरचा_सम्या: आम्ही मित्र बाईकवरून निघतोय. पहिल्या दिवशी चोर्ला उतरून सावंतवाडी, आंबोली करून रात्री परत बेळगाव. दुसऱ्या दिवशी दांडेली, तिसऱ्या दिवशी गोकाक. कुठं थांबायचं आणि किती वाजता निघायचं एवढंच सांगा. लौकर सांगा, हॉटेल बुक करायचंय.

पाटणे_फाटा: किती गाड्या? कुठल्या? डबलसीट किती? महिना कोणता? हे न सांगता वेळ काय सांगायची ओ?

शहापूरचा_सम्या: ऑक्टोबरचा पहिला आठवडा. 6 गाड्या. दोन बुलेट, बाकी 125-150, एक जुनी 100 सीसी. त्या 100 वर आणि एका बुलेटवर डबलसीट. आता सांगा की.

रायडर_टिळकवाडी: 240 किमी म्हणजे काहीच नाही. माझ्या 650 वर दुपारी जेवायला परत घरी असतो.

पाटणे_फाटा: प्रश्न तुमच्या 650 चा नाही. ग्रुपचा वेग सगळ्यात हळू गाडी ठरवते, इथं डबलसीट 100 सीसी. घाटरस्त्यात सहा गाड्या धरून ताशी 30 च्या वर सरासरी धरू नका. सगळी फेरी सुमारे 240 किमी, म्हणजे चालवायलाच 8 तास. चहा, जेवण, फोटो, मागच्याची वाट बघणं मिळून आणखी तीन तरी. सातला निघालात तर सहा वाजतात, आणि तेव्हा सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो. एक पंक्चर झालं की रात्र रस्त्यावर.

म्हणून दोन दिवस करा. पहिल्या दिवशी पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी, दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी. साधारण 140 किमी. सातला निघा, पहिला थांबा जांबोटीत चहाला, दुसरा कणकुंबीत. तिथं माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे, पाय मोकळे होतात. पुढं तासाभराने एकदा उतरायचं, दमला नसलात तरी. अडीच-तीनला मुक्कामी. दुसऱ्या दिवशी सातला आंबोली चढायला लागा, दुपारी एकपर्यंत बेळगाव.

गोवा_रिटर्न: पेट्रोल गोव्यात स्वस्त, इथून अर्ध्या टाकीवर निघा. आणि येताना दोन बाटल्या

पाटणे_फाटा: पेट्रोल स्वस्त, खरं. पण जांबोटी सोडल्यावर घाट उतरेपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका. सगळ्यांनी बेळगावातच टाकी भरा, साखळीत सगळ्यांनी एकदमच परत. बाटल्यांचा धागा वेगळा काढा.

दोडामार्गकर: आंबोलीला सुट्टीच्या दिवशी धबधब्यापाशी गाड्या अडकतात. तिलारी घाटाने थेट चंदगड गाठा. अंतर कमी, गर्दी नाही.

पाटणे_फाटा: तिलारीचा चढ फार उभा आहे. डबलसीट 100 सीसी वळणात पहिल्या गिअरवर येते, थांबली की क्लच सरकवत उचलावी लागते, चार वळणांत क्लचचा जळका वास.

दोडामार्गकर: मागचा माणूस दुसऱ्या गाडीवर बसवला की चढते. लोक रोज चढतात.

पाटणे_फाटा: रोज चढणाऱ्याला वळण पाठ असतं.

जुना_फिटर: चढाचं बोलताय, चोर्ला उतरायचं कोण सांगणार? 100 ला मागं-पुढं ड्रम ब्रेक. सतत दाबून उतरलं की ब्रेक तापतो, दांडी खोल जाते पण गाडी थांबत नाही. दुसऱ्या गिअरवर उतरा, ब्रेक थोडा दाबून सोडा. दांडी नेहमीपेक्षा खोल गेली तर पंधरा मिनिटं थांबा, ड्रमवर पाणी ओतू नका. बुलेटची चाकं तारांची आहेत काय? मग आत ट्यूब. ट्यूबलेसचा दोरीवाला किट तिथं काही कामाचा नाही. पुढच्या-मागच्या मापाची एकेक ट्यूब, टायर लिव्हर, हातपंप घ्या. ते सामान शेवटच्या गाडीवर, पुढच्यावर नको.

रायडर_टिळकवाडी: पाऊस लागला तर घाट सोडून गोकाकला जा. पूर्वेकडं कोरडं असतं.

पाटणे_फाटा: जुलैत बरोबर. ऑक्टोबरात परतीचा पाऊस, तो दुपारनंतर गडगडाटासह तिकडंही पडतो. सकाळ स्वच्छ, अकरा-बारापासून ढग उभे चढताना दिसले की समजायचं. म्हणून घाट दोन्ही दिवशी सकाळीच. कणकुंबीच्या माळावर विजा सुरू झाल्या तर एकट्या झाडाखाली उभं राहू नका, गावात घुसा. धुकं इतकं की दोन गाड्यांपुढचं दिसत नाही, तर थांबा; हझार्ड लावून पुढं रेटायचं नाही.

घाटात एका ओळीत चाला. प्रत्येक फाट्यावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं. चोर्ल्यात फोन लागेलच असं नाही.

शहापूरचा_सम्या: दांडेली मग तिसऱ्या दिवशी बसते काय?

पाटणे_फाटा: तिसरा दिवस रिकामा ठेवा. पहिल्या दिवशी पाऊस लागला तर तोच वापरायचा. नाही लागला तर गोकाक, घोडचिनमलकी सकाळी करून या.

शहापूरचा_सम्या: मित्र म्हणतात दांडेली पाहिजेच.

जुना_फिटर: 100 वाल्याला विचारा आधी.

गोवा_रिटर्न: बाटल्यांचं कुणी सांगेल काय?